जुना फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय, मदत हवी आहे

मीनल: आजीचा एक कृष्णधवल फोटो माझ्याकडे आलाय. गालांवर आणि ओठांवर हाताने रंग भरलेले आहेत. दोन महिन्यांनी तो मूल्यांकनासाठी दाखवायचा आहे. काल फ्रेम उजेडात तिरकी धरली, तर डाव्या कोपऱ्यातला तळहाताएवढा भाग ओला असल्यासारखा चकाकतो, बाकी फोटो मंद दिसतो. खालच्या कडेला पांढरट ठिपके आहेत. काच काढून पुसू का? फाटेल याची फार भीती वाटते.

संजय_के: पाण्यात बुडवा, आपोआप सुटतो. माझे दोन फोटो असेच निघाले.

अरुंधती: मीनल, कृपया बुडवू नकोस. संजय, तुमचे फोटो बहुधा नंतरच्या काळातले, प्लास्टिकचा थर असलेल्या कागदावरचे असतील. ते कधीकधी सुटतात. इथे हाताने भरलेला रंग पाण्याबरोबर जाऊ शकतो. शिवाय ते ठिपके बुरशीचे असतील तर तिने कागदावर चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर खाल्लेला असतो, आणि तिथे पाणी लागलं की चेहऱ्यासकट तो थर विरघळू शकतो.

चकाकणारा भाग म्हणजे दमट हवेत मऊ होऊन काचेला चिकटलेलं जिलेटिन. ओढलंस तर चित्र काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. काच, फोटो, मागचा पुठ्ठा सगळं एकत्रच राहू दे. पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का किंवा हस्ताक्षर असेल, तर मूल्यांकन करणाऱ्याला ते लागतं.

फ्रेम भिंतीवरून उतरव आणि काच खाली करून मऊ कापडावर आडवी ठेव. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. जवळ आर्द्रतामापक ठेव, आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला तर बुरशी वाढत नाही. आधी काचेतूनच फोटो काढून ठेव: फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड, कॅमेऱ्यामागे काळं कापड.

नितीन: माझ्याकडे चांदीचा डबा आहे, काळा पडलाय. पॉलिश करून नेऊ का?

अरुंधती: नको, तसाच दाखवा. पॉलिशने नक्षीच्या कडा झिजतात आणि शिक्के पुसट होतात. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे फोटोचं बोलू.

संजय_के: बरं, पाणी नको. मग फ्रेम एखाद्या डब्यात ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या घालून तो घट्ट बंद केला तर?

अरुंधती: पुड्या चालतील, पण मापक आत ठेवूनच. आकडा एकदम खाली आला तर जिलेटिन आकसतं, आणि ते काचेला घट्ट धरलेलं असल्यामुळे चिकटलेल्या भागाच्या कडेने तडा जातो. हळूहळू, आठवडाभरात कोरडं होऊ द्या.

मीनल: मापक ठेवला. कपाटात ६८ दाखवतोय! फ्रेम आतल्या खोलीत हलवली. आणखी एक दिसलं: केसांच्या गडद भागावर निळसर चांदीसारखी झाक आहे. ती धूळ आहे का?

अरुंधती: फोटोतलीच चांदी वर आलीय. जुनेपणाची खूण आहे, हात लावू नकोस.

मीनल: मूल्यांकनाआधी संवर्धकाकडून सोडवून घेऊ की असाच दाखवू?

अरुंधती: मी असाच दाखवेन. पण बुरशी पसरताना दिसली तर आधी संवर्धक. आठवड्याला एकाच कोनातून फोटो काढून ठिपके ताडून बघ.