मदत हवी आहे: रिक्रूटर फोनवर लगेच हो म्हणा म्हणतेय, मेल कसा लिहू?

पुण्यातल्या एका आयटी कंपनीचे सगळे राउंड क्लिअर झालेत, आज दुपारी एचआरचा फोन आला की १८ लाखांचं पॅकेज फायनल, पण आत्ताच हो म्हणा नाहीतर दुसरा कँडिडेट रेडी आहे. मी म्हटलं ऑफर मेलवर पाठवा, तर म्हणाली आधी व्हर्बल कन्फर्मेशन द्या मगच लेटर निघेल. शेवटी "संध्याकाळी मेल करते" म्हणून फोन ठेवला.

माझी अडचण अशी की १८ मध्ये फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, ग्रॅच्युइटी आणि कंपनीचा पीएफ त्यातच धरलाय का, काहीच कळलं नाही. १८ मधले ३ व्हेरिएबल निघाले तर महिन्याचा हिशोब १५ वरच होणार ना! जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो का तेही विचारायचंय, आणि माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, त्यांना ३० दिवसांत हवंय, मग बायआउटचे पैसे कोण भरणार?

मेल असा लिहिलाय, बघा:

"आजच्या फोनबद्दल धन्यवाद. या रोलमध्ये मला मनापासून इंटरेस्ट आहे. सॅलरी ब्रेकअप, बोनसच्या अटी आणि जॉइनिंग डेट लेखी मिळाल्यावर दोन वर्किंग डेजमध्ये नक्की उत्तर देते. तोपर्यंत हा माझा होकार समजू नये."

शेवटचं वाक्य जास्त कडक होतंय का? पण ते काढलं तर फोनवरच्या बोलण्यालाच होकार धरतील अशी भीती वाटते. एचआरमधल्या कोणी सांगा ना प्लीज, आणि हायरिंग मॅनेजरला सीसी करू का?