गटचर्चेत सगळ्या एकच उत्तर देतात तेव्हा

> गरोदर बायका लोहाच्या गोळ्या मध्येच का सोडतात, यावर दोन गटचर्चा घेतल्या. सगळ्या म्हणतात, ‘आम्ही रोज घेतो.’ आता विश्लेषण कशाचं करू?

चारचौघांत माणूस शोभेल तेच बोलतो. त्यामुळे गावात काय योग्य मानतात हे गटचर्चेतून कळतं, गोळी कुणी टाकून दिली हे नाही. आधी गटात कोण होतं ते तपासा. सासू-सुना एकत्र किंवा आशाताई शेजारी असतील, तर हेच उत्तर येणार. सुनांचा आणि सासवांचा गट वेगळा ठेवा, प्रत्येकी सहा ते आठ जणी. प्रश्नही ‘इकडे बायका गोळ्या कधी बंद करतात?’ असा विचारा.

स्वतःबद्दलचं मात्र एकटीच्या सखोल मुलाखतीतच निघतं. ‘शेवटची गोळी कधी घेतली? त्या दिवशी काय झालं?’ इथून सुरुवात केली की आठवण तपशिलात येते.

मग कोडिंग, म्हणजे मुलाखतीतल्या बोलण्याच्या तुकड्यांना छोटी नावं देणं. समजा ‘मळमळतं’, ‘काळी शी होते’, ‘सासू म्हणाली, बाळ फार मोठं होईल’ असे कोड मिळाले. ते ‘दुष्परिणाम’ आणि ‘गैरसमज’ या खणांत टाकून थांबू नका. ते नुसते मथळे आहेत. आशयसूत्र म्हणजे पूर्ण विधान: ‘त्रास सून सोसते, पण गोळी थांबवायचं घर ठरवतं.’ आता या विधानाला खोटं पाडणाऱ्या मुलाखती मुद्दाम शोधा. सासूबाई स्वतः गोळी हातात देतात, तरी आपणच गोळी बंद करते, अशी एक जरी सून सापडली, तर विधान बदलावं लागेल.