मदत हवी आहे: मिस्टरांच्या कर्जाला जामीन म्हणून सही करू का? (दारूचा विषय आहे)

कुपवाड_रोड
नमस्कार, नवीन आयडी काढून लिहितेय कारण जुन्या आयडीला माझी नणंद ओळखते. आम्ही सांगलीत राहतो, मिस्टर एमआयडीसीत फिटर आहेत, मी एका शाळेत ऑफिसला आहे, मुलगी सातवीत. मिस्टर आधी शनिवार-रविवार घ्यायचे, आता रोज, आणि हल्ली सकाळी चहाच्या आधी हात थरथरतात मग बाहेर जाऊन येतात आणि थरथर थांबते. माणूस वाईट नाही हो, पण पगाराच्या तारखेनंतर आठवड्यात खातं रिकामं.

खातं आमचं दोघांचं जॉइंट आहे, दोघांपैकी कुणीही काढू शकतं असं, माझा पगार १४ हजार पण त्यातच येतो. त्यांचे २७ म्हणायला, कंपनीचा अ‍ॅडव्हान्स कापून हातात १९ च्या आसपास येतात. बारवाला मागच्या महिन्यात दारात आला, शेजारी बघत होते, मी लाजेपोटी साडेतीन हजार दिले. सकाळी उठवत नाही तेव्हा सुपरवायझरला फोन मीच करते, ताप आलाय म्हणून.

आता नवीन म्हणजे पतसंस्थेतून दीड लाख काढायचेत, जुनी देणी एकदाची मिटवतो आणि सोडतो म्हणतात, दोन जामीनदार लागतात, एक त्यांचा मित्र आणि एक मी. सासूबाई म्हणतात बायकोच सही करंना तर दुसरं कोण करणार. सोमवारी फॉर्म द्यायचाय. सही नाही केली तर घरात तमाशा, केली तर मला कळतंय काय होणार. शिवाय हे फोन करणं, उधारी भागवणं बंद कसं करायचं? बंद केलं आणि नोकरी गेली तर खायचं काय?

रांगडा_मिरजकर
वहिनी सरळ सांगतो, एक रुपया द्यायचा नाही. एटीएम काढून घ्या, मोबाईल काढून घ्या, रजा टाकून तीन दिवस खोलीत कोंडून घाला, ओरडू दे. आमच्या चुलत्याची अशीच सुटली. बायका मऊ पडतात म्हणून हे चालतं.

कोयनाकाठ
पतसंस्थेचं व्याज जास्त पडतं ताई, त्यापेक्षा बँकेत सोनं तारण ठेवा, जामीनदाराची भानगडच नाही आणि एका दिवसात काम. आम्ही गायींसाठी तसंच केलं होतं.

कुपवाड_रोड
@कोयनाकाठ ताई मला कर्ज स्वस्तात नको आहे, मला ते घ्यायचंच नाहीये 🙏

वसुलीवाले_काका
सातारा जिल्ह्यातल्या पतसंस्थेत वसुलीला होतो, आता रिटायर. सहीचं आधी बोलतो कारण तुमच्याकडे सोमवारपर्यंतच वेळ आहे.

लोकांना वाटतं जामीनदार म्हणजे ओळख पटवायला सही. तसं नसतं. कर्ज थकलं की कर्जदार आणि जामीनदार आम्हाला सारखेच, आधी त्याच्याकडं जा मग तिच्याकडं असं काही बंधन संस्थेवर नाही. आणि प्रत्यक्षात काय होतं सांगू का, पिणाऱ्या कर्जदाराच्या मागं कुणी लागत नाही, ज्याचा पगार दर महिन्याला जमा होतो त्याच्या मागं लागतात. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला की तुमच्या शाळेत पगार जप्तीचं पत्र येणार. एकदा सही झाली की ‘मी माझा जामीन काढून घेते’ म्हणून चालत नाही, दुसरा जामीनदार देऊन संस्थेनं लेखी मान्य केलं तरच सुटका.

उलट तुमची कुठेच सही नसेल तर नवऱ्याचं वैयक्तिक कर्ज नवऱ्याचंच. बारची उधारी तर अजिबात तुमची नाही. परत दारात आला तर दार न लावता शांतपणे एवढंच म्हणायचं, ज्याला दिली त्याच्याकडून घ्या. तुम्ही एकदा भागवलीत की त्याच्या वहीत तुमच्या मिस्टरांची पत वाढते, तो पुढच्या वेळी जास्त देतो, हा त्याचा साधा धंदा आहे.

संस्थेत जाऊन मॅनेजरला आत्ताच तोंडी नको, साध्या कागदावर लिहून द्या की मी जामीन राहणार नाही, माझ्या नावाची सही घेऊन कुणी आलं तर मला विचारा, आणि पोच घ्या. दोन वेळा माझ्यासमोर बायकोची सही मित्राच्या बायकोनं केलेली निघालीय.

कृष्णामाई_कराड
ताई, माझ्या घरातलंच आहे हे, म्हणून लिहिते. काकांचं सहीचं बरोबर. पण तुम्ही जे शेवटी विचारलंय, फोन बंद केला आणि नोकरी गेली तर खायचं काय, तिथंच सगळ्या बायका अडकतात आणि मग चार दिवस कडक राहून परत फोन करायला लागतात. त्याचं कारण क्रम उलटा होतो. आधी आपले पैसे बाजूला काढायचे, मग झाकपाक थांबवायची. नाहीतर त्याच्या पिण्याचा फटका पहिला तुमच्या किराण्यालाच बसतो.

म्हणजे असं, उद्या-परवा दुसऱ्याच बँकेत फक्त तुमच्या नावाचं खातं, त्याच शाखेत नको. मोबाईल नंबर तुमच्या नावाच्या सिमचा द्या जो त्यांच्या फोनमध्ये कुठे जोडलेला नाही, नाहीतर मेसेज त्यांनाच जातात. नॉमिनी म्हणून मुलगी. शाळेत पगार नवीन खात्यात टाका म्हणून अर्ज द्या, एखादा महिना जातो त्यात. जॉइंट खातं बंद करायच्या मागं लागू नका, त्याला दोघांच्या सह्या लागतील आणि भांडण होईल, ते राहू दे. त्यांच्या फोनवरून पैसे गेले तर त्यांचेच जातील.

मग हिशोब. माझ्या घरात मी किराणा, दूध, लाईट, फी एवढं माझ्या खात्यातून थेट भरायला लागले, हातात रोख कुणाच्याच नाही. तुमच्या १४ मध्ये एवढं बसतं का बघा, बसत नसेल तर पगाराच्या दिवशी त्यांच्या १९ मधून ठराविक रक्कम तुमच्या खात्यात टाकायची बोलणी करा, सकाळी, शुद्धीत असताना. दिले तर ठीक. नाही दिले तर काय कमी करायचं ते आधीच ठरवून ठेवा (आमच्याकडे डिश आणि नवऱ्याचा मोबाईल रिचार्ज गेला). सोनं असेल तर लॉकरला, पावत्या बहिणीकडे. ते तुमचं स्त्रीधन आहे.

हे लागलं की मग फोन बंद. सांगताना ‘तुम्ही प्यायची नाही’ असं सांगू नका, ते तुमच्या हातातच नाही आणि ते मोडलं की तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही. मी काय करणार तेवढंच सांगायचं. मी असं म्हटलं होतं: उद्यापासून तुमच्या कंपनीला मी फोन करणार नाही. पिऊन आलात तर जेवण झाकून ठेवलेलं असेल, मी आणि पोरगा आतल्या खोलीत झोपू, बोलायचं ते सकाळी. संपलं. रात्री वाद घालायचा नाही, कितीही उकरून काढलं तरी.

आणि पहिले काही आठवडे वाईट जातात हे धरून चाला. गोड बोलणं, मग शिव्या, मग ‘मी मरतो’, मग सासूचा फोन. म्हणजे आपलं चुकलं असं नसतं, आजवर जे मिळत होतं ते बंद झालं म्हणून जोर लावून बघतात.

रांगडा_मिरजकर
एवढं सगळं करण्यापेक्षा कोंडलेलं काय वाईट? तीन दिवस.

कृष्णामाई_कराड
@रांगडा_मिरजकर दादा पैसे द्यायचे नाहीत हे तुमचं बरोबर, पण कोंडायचं अजिबात सांगू नका. ताईंनी लिहिलंय सकाळी हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात. अशा माणसाची दारू एकदम तोडली की पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळायला लागतो, नसलेली माणसं दिसतात, ताप, घाम. यात माणसं दगावतात. माझ्या मिस्टरांनी दिवाळीत स्वतःहून एकदम सोडली होती आणि भिंतीवर मुंग्या आहेत म्हणून रात्रभर झाडत होते, पहाटे रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तुमच्या चुलत्यांचं नशीब.

ताई, सोडायची असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली. मिरजेच्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, साताऱ्यात परिवर्तन आणि पुण्यात मुक्तांगण ही व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. कुणी म्हणेल आमची गाडी येऊन उचलून नेते तर नाही म्हणा. आणि दुकानात ‘भाजीत मिसळायची पावडर’ मिळते म्हणून सासूबाई आणतील, ती नको. त्यात दारूवर रिअ‍ॅक्शन देणारं औषध असलं तर ज्याला माहीतच नाही तो वरून पिणार आणि बीपी कोसळणार. ते औषध डॉक्टर देतात पण पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनं.

वसुलीवाले_काका
एक राहिलं. झाकपाक बंद म्हणजे जीवावर बेतेल ते पण बघायचं नाही असं नव्हे. पिऊन गाडीवर निघाले तर किल्ली लपवा, त्यात काही चुकीचं नाही. पडले आणि उठवून उठत नाहीत, श्वास घरघर येतोय, तर कुशीवर वळवा आणि १०८.

कुपवाड_रोड
सगळ्यांचे आभार. हात उचललाय का असं एकीने खाजगी मेसेजमध्ये विचारलं म्हणून इथेच सांगते, दोनदा ढकललंय, मुलीसमोर. मारत नाहीत तसं.

कृष्णामाई_कराड
ढकलणं पण मारणंच आहे ताई. मग सही नाही म्हणायचं ते एकटीनं घरात म्हणू नका, भाऊ किंवा बहीण घरात असताना म्हणा, दिवसा. आधारकार्डं, तुमचं पासबुक, मुलीचा जन्मदाखला आणि थोडी रोख एका पिशवीत घालून बहिणीकडे ठेवा आजच. रात्री काही झालं तर ११२, नुसतं बोलायचं असेल तर १८१. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात घरखर्च न देणं, बायकोचे दागिने परस्पर विकणं हे पण छळात धरलंय, त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील फुकट मिळतो, तुमचा पगार किती हे बघत नाहीत. लगेच केस करा म्हणत नाही, माहिती असू दे.

आणि स्वतःसाठी अल-अनॉनच्या मीटिंगला जा, पिणाऱ्यांच्या घरच्यांची असते, नवरा येवो न येवो. मुक्तांगणचा सहचरी म्हणून बायकांचा गट आहे. मला सगळ्यात आधी तिथंच झोप लागायला लागली, म्हणजे मीटिंगमध्ये नव्हे हो 😄 घरी.

कुपवाड_रोड
आज पतसंस्थेत पत्र देऊन आले, मॅनेजर जरा नाराज होता पण पोच दिली. शाळेत खात्याचा अर्ज दिलाय, पुढच्या पगारापासून होईल म्हणाले. फोनचं अजून मिस्टरांना बोलले नाही, पगार फिरल्यावर बोलणार, आधी नाही. रविवारी दादा येतोय तेव्हा सहीचं सांगणार.

एकच कळंना झालंय. सासूबाईंची पेन्शन येते, मी पैसे बंद केले की त्या गुपचूप देतात, पोटचा पोरगा तडफडतोय म्हणून. घर त्यांच्या नावावर आहे. त्यांना कसं थांबवू?

वसुलीवाले_काका
नाही थांबवता येत. त्यांचे पैसे त्यांचे. फक्त त्यांनी दिलेल्याची परतफेड तुमच्याकडून होणार नाही एवढं एकदा सांगून ठेवा. घराचं मात्र लक्ष ठेवा, आईची सही घेऊन घर तारण ठेवायचा प्रयत्न पुढचा असू शकतो, मी बघितलंय.

कृष्णामाई_कराड
माझ्या सासूबाईंना मिस्टरांच्या डॉक्टरांनी बसवून सांगितलं तेव्हा थोडं पटलं, माझ्याकडून कधीच पटलं नसतं. पण सगळ्यांच्या सासूबाईंना पटेलच असं नाही. दुसऱ्या कुणी केलंय का हे?