चॉकलेट मादी, फॉन नर आणि पाच काळी पिल्लं: फोटोवरून किती सांगता येतं?

राजारामपुरीकर: लॅब्राडोरचं पिल्लू घ्यायचंय. मादी चॉकलेट, नर फॉन. आठ पिल्लांच्या वेतात पाच काळी, तीन फॉन, चॉकलेट एकही नाही. वय बारा दिवस. व्हॉट्सअॅपवर फोटो आलेत. नर खरंच तोच असेल का? फोटोवरून कळतं का?

शाहूपुरी_डॉग: यात विचारायचं काय? आई-बापात काळा नाही, मग पिल्लं काळी आली कुठनं? दुसरा काळा नर शिरलाय. पैसे देऊ नका.

पंचगंगा_लॅब: इतक्यात निकाल देऊ नका. फॉन लॅबच्या अंगात काळा असू शकतो, फक्त केसात उतरत नाही. जनुकांच्या दोन जोड्या वेगळ्या धरा. एक, B आणि b ची, ठरवते रंग काळा की चॉकलेट: एक तरी B असला की काळा, bb असली की चॉकलेट. दुसरी, E आणि e ची, ठरवते तो केसात दिसू द्यायचा की नाही: एक तरी E असला की दिसतो. फॉनमध्ये दुसरी जोडी ee असते, म्हणून गडद रंग केसात येत नाही. पण नाक, ओठ आणि डोळ्यांच्या कडा यांवर ती चालत नाही. तिथं पहिली जोडी उघडी पडते.

आता हे वेत बघा. मादी चॉकलेट, म्हणजे bb. तीन पिल्लं फॉन झाली, म्हणजे मादी Ee आहे. नर ee असल्यामुळं अर्धी गडद, अर्धी फॉन अशी अपेक्षा, आणि पाचाला तीन हे त्यात सहज बसतं. काळ्या रंगासाठी नराकडं एक तरी B हवा. म्हणून नराच्या नाकाचा फोटो मागवा. नाक काळं असेल तर काळी पिल्लं त्याची असू शकतात. नाक आणि डोळ्यांच्या कडा मुळातच तपकिरी असतील, तर या मादीपासून त्याचं एकही काळं पिल्लू होणार नाही.

कळंबा_तळं: माझ्या फॉन लॅबचं नाक काळं होतं, थंडीत मधोमध तपकिरी-गुलाबी झालं. मग तो पण चॉकलेटवाला का?

पंचगंगा_लॅब: नाही. थंडीत नाक असं फिकं पडतं, पण ओठ आणि डोळ्यांच्या कडा काळ्याच राहतात. bb असता तर त्याही तपकिरी दिसल्या असत्या. म्हणून एकट्या नाकावर जाऊ नये.

रंकाळा_सकाळ: फोटोवर एवढा भरवसा मला पटत नाही. काळं पिल्लू उन्हात तांबूस दिसतं, चॉकलेट पिल्लू सावलीत काळं दिसतं. पिवळ्या बल्बखाली तर फॉनचा रंगच बदलतो. त्यात बारा दिवसांच्या फॉन पिल्लाचं नाक बऱ्याचदा अजून गुलाबीच असतं, पुढं काळं होणार की तपकिरी हे कसं सांगणार? सरळ डीएनए करा. आणि गालातला कापूस आईचं दूध पिल्यावर लगेच घेऊ नका, दुधातून आईच्याच पेशी नमुन्यात येतात.

पंचगंगा_लॅब: नाकाचं म्हणणं बरोबर. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यात पुन्हा फोटो मागवा. सकाळी, उघड्यावर पण सावलीत, फ्लॅश न लावता, पिल्लाशेजारी पांढरा कागद ठेवून. कागद पिवळा दिसला तर रंगाबद्दल बोलूच नये. एक फोटो समोरून जवळचा, एक पंजाच्या गाद्यांचा. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागा, नाहीतर व्हॉट्सअॅप बारकावे खाऊन टाकतं.

त्या वेळी तीन फॉन पिल्लांची नाकं बघा. एकाचंही तपकिरी निघालं तर पिल्लू bb, म्हणजे त्याच्या बापाकडं लपलेला b आहे. तिन्ही काळी निघाली तर नर BB असण्याची शक्यता वाढते. Bb नराकडून आठही पिल्लं B घेऊन येण्याची शक्यता 256 मध्ये 1.

शाहूपुरी_डॉग: ठीक, काळं पिल्लू होऊ शकतं हे मान्य. पण माझा काळा नर यातनं सुटला कुठं?

पंचगंगा_लॅब: सुटला नाही, तुमचा हा मुद्दा खरा आहे. फॉनचा e लपवून असलेला काळा नरही या मादीपासून काळी आणि फॉन पिल्लं देईल. त्याच्याकडून तीन काळ्यांमागं एक फॉन अपेक्षित, पण आठ पिल्लांत पाचाला तीनही येऊ शकतं. मादीला दोन नर लागले असतील तर एकाच वेतात दोघांची पिल्लं असू शकतात. रंगावरून बाप नाकारता येतो, सिद्ध करता येत नाही. दोन्ही पालक फॉन आणि पिल्लू काळं, असं असतं तर मी फोटोवरूनच नाही म्हटलं असतं.

रंकाळा_सकाळ: म्हणजे शेवटी डीएनएच. आणि रंगाची नाही, पालकत्वाची टेस्ट. नुसत्या रंगाच्या रिपोर्टवर Bb Ee आलं तरी बाप कोण ते कळत नाही.

राजारामपुरीकर: नराचा फोटो आत्ताच आला. नाक काळं आहे, पण फोटो घरातला, बल्बखालचा, आणि डोळ्यांच्या कडा दिसत नाहीत. उद्या सकाळी अंगणात काढून पाठवा म्हणून सांगितलंय. पालकत्वाच्या टेस्टला नरमालक अजून हो म्हणाले नाहीत.