थकबाकीच्या नोटिशीतला मोबाइल नंबर

«गेटवर लावलेल्या थकबाकीच्या यादीत माझा मोबाइल नंबरही छापलाय. सेक्रेटरींना पत्रात काय लिहू?»

पत्रात थकबाकीचा वाद अजिबात आणू नका. तो आणलात की कमिटी हिशेबावर बोलत बसेल आणि नंबर तसाच राहील. हिशेबासाठी वेगळं पत्र द्या. मजकूर एवढा पुरे:

«मा. सचिव यांस, स. न. वि. वि. गेटवरील नोटिशीत माझ्या सदनिका क्रमांकासोबत मोबाइल क्रमांक छापला आहे. तो मी सोसायटीच्या कामकाजासाठी दिला होता. जाहीर करण्यास माझी संमती नाही. येणारे-जाणारे सगळे तो वाचू शकतात. कृपया आजच ती प्रत काढून क्रमांकाविना नवी लावावी, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला फोटोही काढावा.»

त्याआधी नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा. पत्राच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टानं पाठवा.

नंबरावर पेनानं काट मारून भागवतील, ते चालवून घेऊ नका. खालचे आकडे स्पष्ट वाचता येतात. लिफ्टमधली प्रतही बघा, ती हमखास विसरतात.