मॉन्टे क्रिस्टो: एडवर्ड मेल्यावरही आपण काउंटच्याच बाजूने का वाचत राहतो?

गोदाकाठची_मीरा
सावाना वाचनालयातून आणलेली काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो काल रात्री संपवली, इंग्रजीतली पूर्ण, संक्षिप्त नाही. काउंटचा शत्रू विलफोर, त्याचा तो छोटा मुलगा एडवर्ड आईनेच दिलेल्या विषाने मेला तिथे मला काउंटचा एवढा राग आला की पुस्तक मिटून ठेवलं, पण दुसऱ्या दिवशी परत त्याच्याच बाजूने वाचत होते. ड्यूमाला सूड पटतो की नाही? आणि पटत नसेल तर आपल्याला तो त्याच्या बाजूला एवढं ओढतो कशाला? शेवट फुटला तरी चालेल, वाचलेल्यांनी मोकळेपणाने लिहा.

सिडकोचा_सम्या
पटतोच की. डान्टेस, म्हणजे पुढचा काउंट, १९ वर्षांचा पोरगा, जहाजाचा कप्तान होणार, साखरपुड्याच्या जेवणातून उठवून नेला, १४ वर्षं समुद्रातल्या किल्ल्यात कोंडला, बाहेर येऊन बघतो तर बाप उपाशी मेलेला आणि जिच्याशी लग्न व्हायचं होतं ती त्याच्याच शत्रूच्या घरात. अशा माणसाने गप्प बसायचं होतं का? आणि शेवटी त्याला सगळं परत मिळतंच ना, मर्सेडीस मिळते, आल्बर्ट त्याचाच मुलगा निघतो. लेखकाला सूड चुकीचा वाटत असता तर एवढं सगळं त्याच्या पदरात घातलं असतं का?

वकीलकाका_गंगापूररोड
सम्या, तू म्हणतोस तो शेवट २००२ च्या सिनेमाचा आहे बाळा, कादंबरीत तसं नाही. कादंबरीत आल्बर्ट हा मर्सेडीसच्या नवऱ्याचा, फर्नांडचाच मुलगा आहे, तो सैन्यात भरती होऊन आफ्रिकेला जातो आणि मर्सेडीस मार्सेलला डान्टेसच्या बापाच्या त्या छोट्या घरात एकटी राहते. काउंट तिला भेटतो, पण दोघं परत एक होत नाहीत. तुझा पहिला अर्धा भाग मात्र बरोबर आहे, सहानुभूती तिथूनच सुरू होते.

आता मीराताईच्या प्रश्नाकडे येतो. ही गोष्ट ड्यूमाला पोलिसांच्या दप्तरावरून लिहिलेल्या एका हकिगतीत सापडली होती. त्यात पिको नावाचा एक चांभार असतो, लग्न ठरल्यावर मित्र त्याच्यावर खोटा आळ घालतात, तो ७ वर्षं तुरुंगात काढतो, बाहेर आल्यावर एकेकाला मारत सुटतो आणि शेवटी स्वतःही मारला जातो. ड्यूमाने यात सगळ्यात मोठा बदल काय केला तर त्याचा काउंट चार शत्रूंपैकी एकालाही स्वतःच्या हाताने मारत नाही. फर्नांडने ग्रीसमध्ये केलेली गद्दारी उघडी पडते, बायको-पोरगा घर सोडून जातात आणि तो स्वतःला गोळी घालतो. कादरूसला त्याचाच साथीदार भोसकतो. विलफोरने जन्मताच जिवंत पुरलेला पोरगा भर कोर्टात उभा राहून बापाचं नाव घेतो. म्हणजे काउंट फक्त दार उघडून देतो, आत जो तो आपल्याच पापाने जातो. आपण मराठीत करावे तसे भरावे म्हणतो ना, तसं वाटायला लागतं आणि म्हणून सूड वाचताना आपल्याला रक्ताचा वास येत नाही. हे वाचकाला बाजूला ओढायचं काम ड्यूमा फार हुशारीने करतो.

एडवर्ड मरतो तिथे ही सगळी मांडणी फुटते, कारण त्या पोराचं स्वतःचं पापच नाही. माझ्या मते लेखकाचं म्हणणं तिथे आहे.

राजश्री_इंदिरानगर
काका, "फक्त दार उघडून देतो" हे मला अजिबात मान्य नाही. तुम्ही ५२ वं प्रकरण परत वाचा, विषांवरचं. काउंट विलफोरच्या बायकोसमोर निवांत बसतो आणि थोडं थोडं विष घेऊन शरीराला सवय कशी लावता येते, पूर्वेकडची माणसं मागमूस न ठेवता कशी मारतात असं सगळं तिला ऐकवतो, आणि ती किती लक्ष देऊन ऐकतेय हे त्याला दिसत असतं. जाताना तिला त्याच्या औषधाची कृती द्यायचं कबूल करतो, दुसऱ्या दिवशी पाठवतो सुद्धा. आणि त्याच खोलीत तो पोरगा अल्बममधली चित्रं कापत बसलेला असतो!! पुढे त्या घरात म्हातारा-म्हातारी मरतात, नोकर मरतो, हे कोण करतंय ते काउंटला कळलेलं असतं, तरी तो गप्प बसतो. मॅक्सिमिलियन येऊन रडतो की त्या घरातल्या व्हॅलेंटाईनवर माझं प्रेम आहे तेव्हा कुठे हा हलतो. त्याचा लाडका मोरेलचा मुलगा मध्ये नसता तर ती मुलगीही गेली असती. याला दार उघडणं म्हणत नाहीत, आग लागलेली दिसत असताना काठावर उभं राहणं म्हणतात.

आणि मीरा, अजून एक. हा पोरगा आधी एकदा काउंटच्या हातातूनच वाचलेला आहे. घोडे उधळतात ते प्रकरण आठवतंय? काउंटचा अली फास टाकून घोडे अडवतो, पोरगा बेशुद्ध असतो, काउंट त्याच्या ओठांवर लाल औषधाचा एकच थेंब टाकतो आणि तो डोळे उघडतो. तो सगळा प्रसंग काउंटनेच त्या घरात शिरायला जुळवलेला असतो. शेवटी तेच पोर उचलून तो व्हॅलेंटाईनच्या खोलीत नेतो, आतून कडी लावतो, पाव तास धडपडतो आणि तसाच पांढराफटक होऊन प्रेत घेऊन बाहेर येतो. मी तिथे रडले, आणि काउंटसाठी रडले नाही.

बागवाला_पिंपळगाव
सगळ्यांना नमस्कार. मी वाचक वगैरे नाही, मुलीने दिलं म्हणून थंडीत रात्री बागेला पाणी देताना मोबाईलवर वाचलं, चार महिने लागले. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, त्याने माफ करायला नको होतं. तीन वर्षांपूर्वी एक व्यापारी माझ्या बागेतून माल उचलून गेला, आधी थोडे रोख दिले, बाकीचा चेक दिला, चेक परत आला, मग फोन बंद. १३८ ची केस चालू आहे, तारखेवर तारीख. त्यामुळे तो डांग्लार दरोडेखोरांच्या तावडीत सापडतो आणि त्याला भूक लागल्यावर एका कोंबडीचे एक लाख फ्रँक सांगतात ते मी दोनदा वाचलं. पन्नास लाख घेऊन पळालेला माणूस, खिशात पैसा आहे आणि पोटात काही नाही, एकेक घास विकत घेत सगळा पैसा संपवतो. मला त्या रात्री झोप छान लागली, खरं सांगतो. आणि मग काउंट येतो, मी तुला माफ केलं म्हणतो, वर पन्नास हजार ठेवून सोडून देतो. ज्याने डान्टेसला अडकवणारं पत्र लिहिलं, डाव्या हाताने लिहिलं कोणी अक्षर ओळखू नये म्हणून, सगळ्याचं मूळच तो, आणि नेमका तोच सुटतो. हा कुठला न्याय?

गोदाकाठची_मीरा
दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं, पैसे लवकर मिळोत. पण मला माफ करावं की नाही एवढंच विचारायचं नव्हतं, लेखक आपल्याला कुठे उभं करतो ते कळत नव्हतं. तुम्हाला छान झोप लागली आणि राजश्रीला रडू आलं, एकाच पुस्तकात हे दोन्ही कसं होतं?

वकीलकाका_गंगापूररोड
बागवाले दादा, तुमचाच प्रश्न नीट बघू या, त्यात मीराताईचंही उत्तर आहे असं मला वाटतं. क्रम बघा. आधी फर्नांड, मग विलफोर, मग डांग्लार. मधे एडवर्ड मेलेला आहे. विलफोर त्याला बायकोचं आणि पोराचं प्रेत दाखवून विचारतो की बघ, झाला का तुझा सूड पूर्ण, आणि तिथे पहिल्यांदा काउंटला वाटतं की आता देव माझ्या बाजूने आहे असं मी म्हणू शकत नाही. डांग्लारची भूक त्याच्यानंतर येते. तिथे तो काय म्हणतो तर मी तुला माफ करतो, कारण मलाही माफीची गरज आहे. डांग्लार त्याच्या लायकीने सुटलेला नाही, पोर मेल्यामुळे सुटलेला आहे. आणि तो पैसा रुग्णालयांचा होता, तो त्यांना परत जातो, तेवढा न्याय ड्यूमा ठेवतो.

आता एकाच पुस्तकात दोन्ही कसं होतं ते. तुरुंगातली प्रकरणं आठवा, आपण डान्टेसच्या डोक्यात असतो, त्याला भूक लागली की आपल्याला लागते. शेजारच्या कोठडीतला फारिया त्याला प्रश्न विचारून विचारून कोणी अडकवलं ते उलगडून देतो आणि लगेच म्हणतो की तुला मदत केली याचं मला वाईट वाटतं, कारण तुझ्या मनात नव्हती ती सूडाची भावना मी घातली. सूडावरचा पहिला प्रश्न इतक्या लवकर येतो, पण आपण तेव्हा एवढे चिडलेलो असतो की ऐकतच नाही. मग तो मोरेलचं कर्ज फेडतो, नवं जहाज देतो, आणि चांगुलपणाला निरोप देऊन निघून जातो. त्यानंतर रोमपासून लेखक आपल्याला त्याच्या मनातून बाहेर काढतो. आता तो इतरांना दिसतो तसा दिसतो, फिकट चेहरा, थंड हात, कोणाच्या घरी जेवायचं टाळणारा. आपण जुन्या ओळखीवर त्याच्यावर विश्वास ठेवत राहतो आणि तो आत किती बदललाय ते आपल्याला शेकडो पानं कळत नाही. राजश्री म्हणते ते ५२ वं प्रकरण मीही पहिल्यांदा मजेत वाचलं होतं, हे कबूल करतो.

राजश्री_इंदिरानगर
हे मनातून बाहेर काढतो ते पटलं काका. पण मग पुढे काय होतं ते का सोडताय? शंका आल्यावर तो परत त्या किल्ल्यात जातो, स्वतःची कोठडी बघतो, तिथला माणूस त्याला त्याचीच गोष्ट सांगतो, फारियाचं हस्तलिखित त्याच्या हाती येतं आणि त्यावरचं वचन वाचून हा म्हणतो मला उत्तर मिळालं. झालं, शंका संपली. एका लहान पोराचा जीव आणि कापडाच्या पट्ट्यांवर लिहिलेली एक ओळ, हे समोरासमोर ठेवून ड्यूमा त्याला मोकळा करतो. मला वाटतं तिथे लेखक घाबरला. १८४४ ते १८४६ पेपरात हप्त्याने येत होती, लोक काउंटच्या प्रेमात होते, त्याला दोषी ठरवून संपवणं परवडणारं नव्हतं.

सिडकोचा_सम्या
सिनेमावरून बोललो, चुकलंच, आता पुस्तक वाचतो. पण ताई, तो स्वतःला आधी देवाचा माणूस समजायचा आणि शेवटी तसं समजत नाही असं आत्ता कुठेतरी वाचलं, मग मोकळा कुठे झाला?

वकीलकाका_गंगापूररोड
बरोबर आहे सम्या, ते शेवटच्या पत्रात आहे. मॅक्सिमिलियनला लिहितो की अशा माणसासाठी प्रार्थना करायला सांग ज्याने सैतानासारखं स्वतःला क्षणभर देवाच्या बरोबरीचं मानलं. राजश्री, किल्ल्यातली ओळ त्याला पुढे चालायचं बळ देते एवढंच मी म्हणेन, निर्दोष ठरवत नाही. नाहीतर डांग्लारसमोर मला माफी हवी असं तो कशाला म्हणाला असता? किल्ल्याचं प्रकरण त्याच्या आधीचं आहे.

राजश्री_इंदिरानगर
क्रमाचं मान्य. पण त्या पत्रात एडवर्डचं नाव नाही काका. सैतान आहे, देव आहे, वाट बघा आणि आशा ठेवा आहे, ज्या पोराला घोड्यांपासून वाचवलं त्याचं नाव नाही. मी दोनदा शोधलं.

बागवाला_पिंपळगाव
काका, पोर मेल्यामुळे डांग्लार सुटला हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण सुटायला नकोच होता असं मला अजून वाटतं. तेवढी दोन प्रकरणं आज रात्री परत वाचतो, पाणी द्यायचंच आहे.