जुन्या रिळाचा लूक: रंग कसे उडवायचे, फ्लिकर ठेवायचा का?

गोदाकाठ: आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, म्हणून पहाटे रामकुंडावर फोनने शूट केलं. 1975 सालच्या रिळासारखं दिसायला हवंय. पिवळट रंग, ग्रेन, फ्लिकर सगळं टाकलं, तरी फिल्टर मारल्यासारखंच दिसतं. चुकतंय कुठे?

सिडकोकर: पिवळा अजून वाढवा, वर दोन-चार ओरखडे टाका. आमच्या अल्बममधले सगळे फोटो पिवळेच पडलेत.

रिळवाला: अल्बमचा कागद पिवळा पडतो, फिल्मचं तसं नाही. त्या काळातल्या थिएटर प्रिंटमध्ये बहुधा निळसर-हिरवा सायन रंग आधी उडायचा. हा रंग लाल प्रकाश अडवतो. तो उडाला की सावल्या आणि केस लालसर होतात, पांढरं मात्र जवळपास पांढरंच राहतं. म्हणून सगळ्या चित्रावर रंग फासू नका. लाल कर्व्हचं फक्त खालचं टोक थोडं उचला, वरचं तसंच ठेवा. आजोबांच्या धोतराकडे बघा. ते गुलाबी झालं, तर हात जास्त पडलाय.

पंचवटीची: पण त्यांना घरगुती रीळ हवंय, थिएटरची प्रिंट नाही. कोडाक्रोम फिल्म अंधारात ठेवलेली असेल तर आजही टवटवीत दिसते. मी तर रंग उडवणारच नाही. फ्लिकरही काढा, मोठ्या टीव्हीवर डोकं दुखतं.

मेनरोड: माझ्याकडे वडिलांची 8 मिमीची रिळं आहेत. भिंतीवर लावून मोबाइलने शूट केली, तर सगळं लुकलुकतंय. ते कसं काढू?

रिळवाला: मेनरोड, तो दोष रिळात नाही. प्रोजेक्टरच्या शटरचा आणि मोबाइलचा मेळ बसत नाही, म्हणून चित्र लुकलुकतं. एकेक फ्रेम स्कॅन करून घ्या.

पंचवटीची, कोडाक्रोमचं बरोबर आहे, पण सगळी घरगुती रिळं कोडाक्रोमची नव्हती. फ्लिकर मात्र मी ठेवेन, तोही उजेडात दोन टक्क्यांचाच फरक आणि अनियमित. ठरावीक तालात आला की ट्यूबलाइट बिघडल्यासारखं वाटतं.

गोदाकाठ, तुमचं ग्रेन मला वेगामुळे खोटं वाटत असावं. सुपर 8 ही घरगुती फिल्म बहुतेक वेळा सेकंदाला 18 फ्रेमवर चालायची. तुमचा व्हिडिओ 25चा आहे ना? आधी 18च्या टाइमलाइनवर रंग, फ्लिकर आणि शेवटी ग्रेन लावा, मग ते 25मध्ये न्या. फ्रेम दोनदा आली की तिच्यावरचं ग्रेनही तसंच दोनदा यायला हवं. नाहीतर चित्र थबकतं आणि ग्रेन एकटंच वळवळत राहतं.

सिडकोकर: एवढं कोण बघतंय? शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरच जाणार.

रिळवाला: तिथे बारीक ग्रेनचा चिखल होतो, हे खरं. त्यासाठी कमी ग्रेनची वेगळी प्रत काढा.

गोदाकाठ: 18 वर करून पाहिलं, वळवळ थांबली. झाडांच्या सावल्या लालसर, धोतर पांढरं. फ्लिकरवर मात्र घरात दोन तट पडलेत. आजीला तो हवाय, आईला नकोय.